जनुक नेमके कोणत्या वाटेने गेले? कॉन्जुगेशनच्या प्रयोगाच्या नोंदी

3 जुलै

सूक्ष्मजीवशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही या सत्रात एकच मोठा प्रयोग लावायचे ठरवले आहे. प्रतिजैविकाला दाद न देण्याचा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, हे आमच्या प्रयोगशाळेत दरवर्षी दाखवले जाते. पण तो कोणत्या वाटेने गेला हे सिद्ध करण्याचा भाग वेळेअभावी नेहमी गाळला जातो. पेशीबाहेर पडलेला सुटा डीएनए उचलला गेला तर ते ट्रान्सफॉर्मेशन, दोन पेशींच्या थेट संपर्कातून गेला तर कॉन्जुगेशन, आणि जीवाणूभक्षक विषाणूच्या म्हणजे फेजच्या डोक्यात बसून गेला तर ट्रान्सडक्शन. प्लेटवर वाढलेली वसाहत या तिन्ही बाबतीत अगदी सारखीच दिसते. म्हणून या नोंदींचा बराचसा भाग वाट ओळखण्याविषयी आहे.

दाता म्हणून ई. कोलाय के-12 गटातील एमजी1655 ही जात घेतली असून तिच्यात आरपी4 हे प्लाझ्मिड, म्हणजे क्रोमोसोमपासून वेगळे असलेले डीएनएचे वर्तुळ, आहे. हे प्लाझ्मिड सुमारे 60 हजार बेस-जोड्यांचे आहे आणि त्यावर अँपिसिलिन, कॅनामायसिन व टेट्रासायक्लिन या तिन्हींविरुद्धची जनुके आहेत. 1969 साली बर्मिंगहॅममध्ये भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात कार्बेनिसिलिनला दाद न देणारे स्युडोमोनास आढळले, त्यातून प्लाझ्मिडांचे हे कुटुंब पुढे आले. ग्राही म्हणून एचबी101 ही जात आहे. तिच्या क्रोमोसोमवर स्ट्रेप्टोमायसिनविरुद्धचे उत्परिवर्तन आहे आणि तिला लॅक्टोज वापरता येत नाही. त्यामुळे मॅकॉन्की अगारवर दात्याच्या वसाहती गुलाबी आणि ग्राहीच्या फिकट उमटतात. हा रंगभेद पुढे फार उपयोगी पडणार आहे.

सुरक्षिततेचा एक नियम पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला. रुग्णालयातील, सांडपाण्यातील किंवा स्वतःच्या शरीरावरील कोणताही जीवाणू या प्रयोगात वापरायचा नाही. आरपी4 बहुतेक सर्व ग्रॅम-ऋण जीवाणूंमध्ये शिरून टिकू शकते, त्यामुळे ते रोगकारक जातीपर्यंत पोहोचण्याची संधीच द्यायची नाही.

6 जुलै

प्लेटा ओतल्या. स्ट्रेप्टोमायसिन मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम, कॅनामायसिन 50, अँपिसिलिन 100. माध्यम पन्नास अंशांच्या आसपास निवल्यावरच औषध घालायचे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. तरीही थर्मामीटर न लावता हाताच्या अंदाजाने ओतलेली एक तुकडी वाया गेली, कारण तिच्यावर औषधाला संवेदनशील जातीही आरामात वाढल्या. तेव्हापासून प्रत्येक तुकडीतील एका प्लेटवर दोन्ही मूळ जाती आखून बघण्याची पद्धत ठेवली आहे.

दाता एकटा आणि ग्राही एकटा स्ट्रेप्टोमायसिन-कॅनामायसिन प्लेटवर पसरला. सौम्य न केलेले 0.1 मिलिलिटर कल्चर पसरल्यावर काहीच उगवले नाही. मग सेंट्रिफ्यूजमध्ये घट्ट करून दात्याच्या सुमारे 500 कोटी पेशी एकाच प्लेटवर टाकल्या, तेव्हा दोन गुलाबी वसाहती मिळाल्या. म्हणजे दात्यातच आपोआप उत्परिवर्तन होऊन स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देणाऱ्या पेशी तयार होतात, पण अगदी विरळ. पुढील प्रत्येक मोजणीत गुलाबी वसाहत दिसली की ती संकरातून आलेली मानायची नाही, एवढे यावरून ठरले.

10 जुलै

पहिला संकर द्रव माध्यमात केला. दोन्ही कल्चर वाढीच्या वेगवान टप्प्यात, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 0.5 इतक्या वाचनाला थांबवली, प्रत्येकी अर्धा मिलिलिटर एका नळीत एकत्र केले आणि नळी शेकरवर 37 अंशांना तासभर ठेवली. त्यातील 0.1 मिलिलिटर निवड-प्लेटांवर पसरले. निवडीसाठी निम्म्या प्लेटा स्ट्रेप्टोमायसिन-अँपिसिलिनच्या आणि निम्म्या स्ट्रेप्टोमायसिन-कॅनामायसिनच्या होत्या.

अँपिसिलिनच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी सकाळी ठीक होत्या, पण मोजणी संध्याकाळवर ढकलल्यामुळे प्रत्येक मोठ्या वसाहतीभोवती बारीक वसाहतींचे कडे उमटले. ज्या पेशीकडे प्लाझ्मिड आले ती बीटा-लॅक्टमेज तयार करते, त्यातील काही भाग माध्यमात झिरपतो आणि आजूबाजूचे अँपिसिलिन नष्ट होते. मग शेजारच्या साध्या, प्लाझ्मिड नसलेल्या एचबी101 पेशीही उगवतात, कारण स्ट्रेप्टोमायसिनचे त्यांना भय नसतेच. अशी बारीक वसाहत उचलून ताज्या अँपिसिलिन प्लेटवर आखली तर ती वाढत नाही. हीच तिची ओळख. कॅनामायसिनचा प्रतिकार करणारे विकर पेशीच्या आतच काम करते, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही. यापुढे निवड फक्त कॅनामायसिनवर करायची आणि अँपिसिलिन नंतरच्या तपासणीसाठी राखायचे, असे ठरले.

11 जुलै

कॅनामायसिनच्या प्लेटांवर सौम्य न केलेल्या मिश्रणातून 212 फिकट वसाहती मिळाल्या. विद्यार्थ्यांना आनंद झाला. पण याच वेळी एक शून्य-वेळेची प्लेट ठेवली होती: दाता आणि ग्राही एकत्र करून, अजिबात न थांबता, लगेच पसरलेले मिश्रण. त्या प्लेटवर 190 वसाहती होत्या. तासभर एकत्र ठेवलेल्या आणि क्षणभरही न ठेवलेल्या मिश्रणातून जवळपास सारखाच आकडा यावा, ही गोष्ट सरळ नव्हती.

कारण प्लेटवरच होते. स्ट्रेप्टोमायसिन दात्याला मारते, पण लगेच मारत नाही. पसरलेल्या दाट थरात दाता आणि ग्राही एकमेकांना चिकटून बसतात आणि दाता मरण्यापूर्वी प्लाझ्मिड पुढे देऊन जातो. म्हणजे आपण नळीतले संकर मोजतो असे समजत असतो आणि प्रत्यक्षात प्लेटवरचे मोजत असतो.

हे ओळखण्याची एक सोपी रीत आम्ही प्रत्येक मोजणीत घातली आहे. मिश्रण दहापट सौम्य करून पसरावे. वसाहती खरोखर नळीत आधीच तयार झालेल्या पेशींच्या असतील, तर त्या दहापटीने कमी व्हाव्यात. 212 च्या जागी 21 च्या आसपास यावेत. पण त्या प्लेटवर जुळलेल्या जोड्यांमुळे आल्या असतील, तर दाता दहापट विरळ होतो आणि ग्राहीही दहापट विरळ होतो, म्हणून जोड्या शंभरपटीने घटतात. आमच्या दहापट सौम्य प्लेटवर 3 वसाहती होत्या. नळीतल्या तासाभराच्या हिशेबात धरता येतील अशा पेशी त्यामुळे मिलिलिटरला फार तर 300 निघतात, तर त्याच मिलिलिटरमध्ये दाते सुमारे 30 कोटी होते. दहा लाख दात्यांमागे एखादा संकर, तोही असलाच तर.

13 जुलै

द्रवात एवढे कमी का, याचे उत्तर आरपी4 च्या पायलसमध्ये आहे. दोन पेशींना जोडणारे हे तंतू एफ प्लाझ्मिडच्या बाबतीत लांब आणि लवचीक असतात, त्यामुळे तो द्रवातही चांगला जातो. आरपी4 चे पायलस ताठ असतात आणि हलत्या द्रवात सहज तुटून पडतात. पेशी घट्ट पृष्ठभागावर शेजारी-शेजारी बसल्या की त्यांचे काम नीट चालते. पाठ्यपुस्तकात एफ प्लाझ्मिडची आकृती पाहून प्रत्येक प्लाझ्मिड शेकरवरच्या नळीत तसाच वागेल असे गृहीत धरल्यास निष्कर्ष हजारो पटींनी चुकतो.

म्हणून संकर गाळणीच्या पडद्यावर केला. 0.45 मायक्रॉन छिद्रांचा नायट्रोसेल्युलोज पडदा गाळणीवर ठेवून तेच एक मिलिलिटर मिश्रण त्यातून ओढले, पडदा पेशींची बाजू वर ठेवून साध्या, औषध नसलेल्या ल्युरिया अगारवर तासभर 37 अंशांना ठेवला, आणि मग एक मिलिलिटर सलाइनमध्ये हलवून पेशी सोडवल्या. पडद्याखाली हवेचा फुगा राहिला तर तेवढ्या भागातील पेशींना अन्न मिळत नाही, म्हणून पडदा एका कडेपासून हळूहळू टेकवावा.

हजारपट सौम्य प्लेटवर 284 आणि दहा हजारपट सौम्य प्लेटवर 31 वसाहती आल्या. दहापटीने सौम्य केल्यावर दहापटीनेच घट, म्हणजे आकडा विश्वासाचा. मिलिलिटरला सुमारे 28 लाख संकरित पेशी, आणि दाते सुमारे 30 कोटी. म्हणजे शंभर दात्यांमागे जवळपास एक. सर्व वसाहती फिकट होत्या, गुलाबी एकही नव्हती. दाते मोजण्यासाठी कॅनामायसिन घातलेले मॅकॉन्की वापरावे आणि फक्त गुलाबी वसाहती मोजाव्यात, कारण तिथे संकरित पेशीही वाढतात.

शंभर पडद्यांचा डबा सुमारे 2,600 रुपयांस पडला. एक पडदा एका गटाला द्यायचा असेल तर खर्च फारसा वाटत नाही, पण नियंत्रणे धरून प्रत्येक गटाला चार-पाच लागतात.

20 जुलै

आता मूळ प्रश्न. पडद्यावर दोन्ही पेशी एकमेकांजवळ होत्या, पण तिथेच एखादा दाता फुटून त्याचे प्लाझ्मिड सुटे झाले असेल आणि ग्राहीने ते उचलले असेल, ही शक्यता उरते. ई. कोलाय सामान्य परिस्थितीत बाहेरचा डीएनए आपणहून उचलत नाही. थंड कॅल्शियम क्लोराइडमध्ये ठेवून 42 अंशांचा थोडा धक्का द्यावा लागतो. न्यूमोकॉकस, हिमोफिलस, नायसेरिया, असिनेटोबॅक्टर यांच्यात मात्र हे निसर्गतः घडते, आणि 1928 साली ग्रिफिथ यांना उंदरांत जे दिसले ते न्यूमोकॉकसमधलेच होते. तरीही पाठ्यपुस्तकातील वाक्यावर न विसंबता तपासणीच करायची ठरली.

डीएनेज हे विकर सुटा डीएनए तोडते, पण पेशीच्या आतल्या किंवा दोन पेशींच्या जोडणीतून जाणाऱ्या डीएनएपर्यंत पोहोचत नाही. मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम डीएनेज मिश्रणात आणि पडद्याखालच्या अगारवर दोन्हीकडे घातले. संकरित पेशी मिलिलिटरला सुमारे 26 लाख आल्या. आधीच्या 28 लाखांपेक्षा फरक नाही.

हा निष्कर्ष स्वीकारण्याआधी डीएनेज खरोखर काम करत होते का हे दाखवणे आवश्यक होते. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडने तयार केलेल्या एचबी101 पेशींना पीयूसी19 हे छोटे प्लाझ्मिड द्यायचे, एकदा साधे आणि एकदा आधी डीएनेजबरोबर ठेवून. डीएनेज दिलेल्या नळीतूनही वसाहती आल्या. म्हणजे तपासणीच फसली होती आणि वरचा 26 लाखांचा आकडा तूर्त निरर्थक होता.

22 जुलै

कारण बफरमध्ये सापडले. प्लाझ्मिड टीई बफरमध्ये साठवलेले असते, त्यात ईडीटीए असते, आणि ईडीटीए मॅग्नेशियम पकडून ठेवते. डीएनेजला काम करण्यासाठी मॅग्नेशियम लागते. डीएनेज घातले पण मॅग्नेशियम दिलेच नाही, अशी ती अवस्था होती. 10 मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड घालून 37 अंशांना पंधरा मिनिटे ठेवल्यावर डीएनेजच्या नळीतून एकही वसाहत आली नाही आणि साध्या नळीतून शेकडो आल्या.

पडद्यावरील संकर याच पद्धतीने, मॅग्नेशियमसह, पुन्हा केला. मिलिलिटरला सुमारे 27 लाख संकरित पेशी आल्या. आता मात्र म्हणता येते की सुट्या डीएनएची वाट इथे नाही.

डीएनेजची लहान बाटली हा या प्रयोगातला सर्वांत मोठा खर्च आहे. ते पाण्यात विरघळवून लहान-लहान नळ्यांमध्ये गोठवून ठेवावे. एकाच नळीला वारंवार वितळवून गोठवल्यास ते निकामी होते.

29 जुलै

फेजची शक्यता बाकी आहे. फेजच्या कवचात बंद असलेल्या डीएनएलाही डीएनेज हात लावू शकत नाही, त्यामुळे मागील तपासणीने ट्रान्सडक्शन बाद होत नाही. इथे 1950 ते 1952 या काळातल्या दोन प्रयोगांची जोडी विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. बर्नार्ड डेव्हिस यांनी यू आकाराच्या नळीच्या मधोमध बारीक गाळणी बसवून दोन्ही बाजूंना ई. कोलायच्या दोन जाती ठेवल्या. द्रव इकडून तिकडे गेला, पेशी गेल्या नाहीत, आणि जनुकांची देवाणघेवाण थांबली. म्हणजे संपर्क आवश्यक होता. दोन वर्षांनी झिंडर आणि लेडरबर्ग यांनी साल्मोनेलावर तशीच नळी वापरली, तेव्हा गाळणी असूनही देवाणघेवाण चालूच राहिली आणि डीएनेजनेही ती थांबली नाही. गाळणीतून जाऊ शकणारी आणि डीएनेजला न बधणारी ती वस्तू पी22 नावाचा फेज निघाली.

आम्ही यू-नळी न वापरता साधी रीत घेतली. दात्याचे कल्चर 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळले आणि तो पेशीविरहित द्रव ग्राहीबरोबर तासभर ठेवला. वसाहत एकही नाही. द्रवात पेशी उरल्या नाहीत हे पाहण्यासाठी तो साध्या अगारवरही पसरला. तिथेही काही उगवले नाही.

पण शून्याचा अर्थ तेव्हाच लागतो, जेव्हा त्याच पद्धतीने ट्रान्सडक्शन घडले असते तर ते आपल्याला दिसले असते हे सिद्ध होते. त्यासाठी पी1 हा फेज एका विद्यापीठीय प्रयोगशाळेतून मिळवला आहे. क्रोमोसोमवर कॅनामायसिनची खूण बसवलेल्या के-12 जातीवर तो वाढवायचा, क्लोरोफॉर्मने उरलेल्या पेशी मारायच्या, त्याच गाळणीतून गाळायचा आणि ग्राहीला द्यायचा.

5 ऑगस्ट

पी1 ने एचबी101 मध्ये एकही कॅनामायसिन-प्रतिकारी वसाहत दिली नाही.

संशय क्रमाने काढत गेलो. फेज मेला असेल का? एचबी101 च्या थरावर तो टाकल्यास बारीक पण स्पष्ट प्लाक दिसतात, म्हणजे फेज जिवंत आहे, गाळणीतून गेला आहे आणि पेशीत शिरतोही आहे. चिकटण्यासाठी लागणारे कॅल्शियम कमी पडले असेल का? 5 मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड होतेच. नंतर घातलेल्या सायट्रेटने काही बिघडवले असेल का? सायट्रेट घालण्यापूर्वी वीस मिनिटे दिली होती, आणि ते घालायचे असतेच, नाही तर नव्या पेशी फेजमुळे पुन्हा मरत राहतात.

एका विद्यार्थिनीने एचबी101 ची गुणसूची वाचून दाखवली आणि विचारले, "मॅडम, ही रेक-ए उणे आहे, याचा काही संबंध असेल का?" संबंध होता, आणि तोच मुख्य होता.

8 ऑगस्ट

पी1 जेव्हा क्रोमोसोमचा तुकडा आणून ग्राहीत सोडतो, तेव्हा तो तुकडा स्वतःची प्रत काढू शकत नाही. टिकायचे असेल तर ग्राहीच्या क्रोमोसोमवरील जुळत्या जागी त्याला बसावे लागते आणि ते काम रेक-ए प्रथिनाशिवाय होत नाही. एचबी101 मध्ये ते प्रथिन निकामी आहे. तुकडा आत आला असणार, पण तो बसला नाही आणि पुढच्या पिढ्यांत हरवला.

हे कारण गृहीत न धरता तपासले. एकाच प्लेटवर एचबी101 आणि एमजी1655 शेजारी-शेजारी आखल्या, अर्धी प्लेट पुठ्ठ्याने झाकली आणि लॅमिनारमधल्या अतिनील दिव्याखाली काही सेकंद धरली. उघड्या अर्ध्या भागात एमजी1655 वाढली, एचबी101 नाही. झाकलेल्या भागात दोन्ही वाढल्या. रेक-ए नसलेली पेशी अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्यात मागे पडते, त्यामुळे ही खूण बरीच भरवशाची आहे. मग पी1 साधी, प्लाझ्मिड नसलेली एमजी1655 ग्राही घेऊन पुन्हा वापरला. सुमारे 10 कोटी फेजमागे 70 वसाहती आल्या, म्हणजे चौदा लाखांमागे एक, आणि पी1 कडून अपेक्षा ठेवावी तेवढीच ही आहे.

अडचण दूर झाली, पण तिच्यातून जे दिसले ते मूळ आखणीत नव्हते आणि पुढच्या वर्षी ते मुद्दाम ठेवणार आहे. त्याच एचबी101 मध्ये, त्याच रेक-ए अभावी, आरपी4 शंभरात एक या दराने स्थिरावले, आणि क्रोमोसोमवरची खूण मात्र अजिबात स्थिरावली नाही. प्लाझ्मिडला ग्राहीच्या क्रोमोसोमशी जुळण्याची गरजच नसते. प्रत काढण्याची सोय ते स्वतःबरोबर घेऊन येते, बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्यासारखे. तुकड्याला जुळती जागा लागते, त्यामुळे दाता आणि ग्राही जवळचे नातलग असावे लागतात. प्लाझ्मिडला ही अट नाही, म्हणून ते एका प्रजातीतून दुसऱ्या प्रजातीत जाऊ शकते.

जपानमध्ये युद्धानंतरच्या काळात आमांशाच्या शिगेला जीवाणूत एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद न देण्याचा गुण दिसू लागला, तेव्हा चार स्वतंत्र उत्परिवर्तने एका पेशीत एकत्र येण्याची शक्यता नगण्य होती. 1959 साली अकिबा आणि ओचिआई यांच्या गटांनी दाखवले की हा सारा संच शिगेला आणि ई. कोलाय यांना एकत्र वाढवल्यावर एकातून दुसऱ्यात जातो. आपल्याकडचे उदाहरण एनडीएम-1 चे आहे. दिल्लीतील रुग्णालयात राहून स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या क्लेबसिएलामध्ये हे जनुक 2008 मध्ये सापडले, आणि त्याच रुग्णाच्या आतड्यातील ई. कोलायमध्येही ते प्लाझ्मिडवर होते.

14 ऑगस्ट

निवड फक्त कॅनामायसिनवर केली असली तरी बाकीची दोन जनुके आली का, हे पाहायचे राहिले होते. निर्जंतुक टूथपिकने पन्नास फिकट वसाहती उचलून त्यांचे ठिपके क्रमाने अँपिसिलिन, टेट्रासायक्लिन आणि शेवटी साध्या अगारवर घेतले. साधी प्लेट शेवटी घेण्याचे कारण असे की तिच्यावर ठिपका उगवला तर आधीच्या प्लेटांवर पेशी पोहोचल्या होत्या याची खात्री होते. टेट्रासायक्लिनच्या प्लेटा उजेडात ठेवल्यास औषधाचा जोर ओसरतो, म्हणून त्या काळ्या कागदात गुंडाळाव्यात.

पन्नासही ठिपके तिन्ही प्लेटांवर उगवले. अँपिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन या पेशींच्या वाटेला संकरात कधीही आले नव्हते, तरी दोन्हींविरुद्धची जनुके त्यांच्याकडे आली, कारण ती कॅनामायसिनच्या जनुकाबरोबर एकाच वर्तुळावर आहेत. यावरून एक गोष्ट विद्यार्थ्यांना उदाहरणाशिवाय समजते: एखाद्या गोठ्यात किंवा वॉर्डात एकच औषध वापरले जात असले, तरी त्या वापराने त्याच्या शेजारी बसलेली इतर औषधांविरुद्धची जनुकेही टिकून राहतात. त्यामुळे एक औषध बंद केल्याने त्याविरुद्धचा प्रतिकार कमी होईलच असे नाही. त्याच प्लाझ्मिडवरील दुसरे औषध चालू असेल तर तो राहतोच.

22 ऑगस्ट

संकरित एचबी101 स्वतः पुढे दाता होऊ शकते का? यासाठी तिसरी जात लागते, आणि ती आम्हीच तयार केली. साध्या एमजी1655 च्या सुमारे 100 कोटी पेशी रिफॅम्पिसिनच्या प्लेटवर (मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम) पसरल्या आणि दोन दिवसांत आलेल्या वसाहतींपैकी एक शुद्ध केली. रिफॅम्पिसिनच्या साठवणीचे द्रावण मिथेनॉलमध्ये करावे, पाण्यात ते नीट विरघळत नाही.

निवड रिफॅम्पिसिन-कॅनामायसिनवर होती. इथे मॅकॉन्की वापरू नये. रिफॅम्पिसिनचा स्वतःचा रंग नारिंगी-लाल असल्यामुळे प्लेट आधीच लालसर दिसते आणि गुलाबी वसाहत वेगळी ओळखू येत नाही. आमची पहिली मोजणी याच कारणाने बाद करावी लागली. निवड ल्युरिया अगारवर करून मग वसाहतींचे ठिपके साध्या मॅकॉन्कीवर घेतल्यावर ते सर्व गुलाबी आले, आणि स्ट्रेप्टोमायसिनवर एकही वाढला नाही. म्हणजे या वसाहती रिफॅम्पिसिनला सरावलेल्या एचबी101 च्या नसून खरोखर तिसऱ्या जातीच्या आहेत.

संकरित पेशीकडून पुढे जाण्याचा दर पहिल्या दात्याच्या तोडीचाच आला. प्लाझ्मिड देताना दाता ते गमावत नाही. दोन साखळ्यांपैकी एकच पलीकडे जाते आणि दोन्हीकडे तिची जोड नव्याने तयार होते. त्यामुळे प्रत्येक संकरानंतर दात्यांची संख्या वाढतच जाते. औषधविरोधी जनुकांइतकेच पुढे जाण्याचे यंत्रही या वर्तुळावर आहे, आणि आरपी4 च्या बाबतीत त्याचा बराच मोठा भाग याच कामाला लागलेला आहे.

30 ऑगस्ट

पुढच्या वर्षी हे करणाऱ्यांसाठी वेळेचा हिशेब. तीन तासांच्या एका प्रात्यक्षिकात पडद्यावरचा संकर आणि त्याची पसरणी बसते, पण कल्चर 0.5 वाचनाला आणून ठेवण्याचे काम त्याआधी कोणीतरी सकाळीच करावे लागते. रात्रभर वाढवलेले जुने कल्चर थेट वापरल्यास दर बराच खाली येतो. डीएनेजची तपासणी दुसऱ्या आठवड्यात, गाळलेला द्रव आणि पी1 तिसऱ्या आठवड्यात ठेवावा. पी1 मिळत नसेल तर गाळलेल्या द्रवाचे शून्य दाखवावे, पण त्यावरून "फेजची वाट नाही" असे न लिहिता "या पद्धतीत दिसली नाही" एवढेच लिहावे.

ट्रान्सडक्शनसाठी ग्राही एमजी1655 आणि कॉन्जुगेशनसाठी एचबी101, अशी विभागणी ठेवून शेवटी दोन्ही जातींना पी1 फेज दिलेल्या नळ्या शेजारी-शेजारी दाखवाव्यात. शून्य-वेळेची प्लेट आणि दहापट सौम्य प्लेट या दोन्हींशिवाय एकाही गटाचा आकडा वहीत उतरवू देऊ नये.

सर्व प्लेटा, नळ्या, पडदे आणि टूथपिक 121 अंशांना वीस मिनिटे ऑटोक्लेव्ह केल्यावरच बाहेर गेले. प्रयोगशाळेतील मामांनी ऑटोक्लेव्हमध्ये एकावर एक घट्ट रचलेल्या प्लेटांच्या मधोमध निर्देशक पट्टी ठेवली तेव्हा ती रंग बदलली नव्हती. वाफ आत पोहोचत नव्हती. त्यानंतर पिशव्या अर्ध्याच भरून, तोंड सैल ठेवून आणि वेळ वाढवून पट्टीचा रंग बदलेपर्यंत हे पुन्हा केले गेले. पिपेटांसाठी हायपोक्लोराइडचे भांडे रोज नव्याने भरावे लागते, कारण कालच्या द्रावणात क्लोरीन फारसे उरत नाही.